फास्ट प्रोसेसर की काटकसरी प्रोसेसर? समजून घ्या 'परफॉर्मन्स पर वॅट'चं गणित

लॅपटॉप घेताना बहुतेक जण 'कोणता प्रोसेसर फास्ट आहे?' एवढंच बघतात. पण बॅटरी किती टिकणार, हे फक्त वेगावर ठरत नाही. तेच काम करायला प्रोसेसर किती ऊर्जा घेतो, हेही पाहावं लागतं.

वॅट आणि ज्यूलमध्ये फरक काय?

वॅट म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा वेग. १ वॅट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल. त्यामुळे एका कामाला लागलेली ऊर्जा काढायची तर वॅटला सेकंदांनी गुणायचं.

समजा, ३,००० फ्रेम्सचा एक व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा आहे. प्रोसेसर 'अ' ४० वॅट घेतो आणि ३० सेकंदांत काम संपवतो. म्हणजे खर्च १,२०० ज्यूल. प्रोसेसर 'ब' १५ वॅट घेतो, पण त्याला ६० सेकंद लागतात. खर्च ९०० ज्यूल.

एका फ्रेममागे 'अ'ला ०.४ ज्यूल लागले, तर 'ब'ला ०.३ ज्यूल. यालाच 'एनर्जी पर ऑपरेशन' म्हणतात. हेच उलट मांडलं की 'परफॉर्मन्स पर वॅट' मिळतो: 'अ' एका ज्यूलमध्ये अडीच फ्रेम्स काढतो, 'ब' साधारण ३.३. वेगात 'अ' दुप्पट, पण काटकसरीत 'ब' पुढे.

वेग महाग का पडतो?

प्रोसेसर जास्त वेगाने चालवायचा तर साधारणपणे त्याचं व्होल्टेजही वाढवावं लागतं. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.२ वरून ०.९ व्होल्टवर आणलं, तर ही ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होते.

मग 'ब'च घ्यायचा?

इथे एक मेख आहे. काम चालू असताना स्क्रीन, मेमरी वगैरेही वीज खातात. त्यांचे १२ वॅट धरले, तर 'अ'चा एकूण खर्च १,५६० ज्यूल होतो आणि 'ब'चा १,६२०. म्हणजे काम संपताच लॅपटॉप झोपवायचा असेल, तर 'अ' स्वस्त पडतो.

पण काम संपल्यावरही लॅपटॉप चालूच राहणार असेल, तर दोघांना सारखाच वेळ द्यायला हवा. 'अ' उरलेले ३० सेकंद रिकामा बसला, तरी स्वतःचे २ आणि बाकीचे १२ असे १४ वॅट जातातच. म्हणजे आणखी ४२० ज्यूल. 'अ'ची बेरीज १,९८० झाली आणि 'ब' पुन्हा जिंकला.

तुलना करताना काय बघाल?

काम तेच आणि कालावधी सारखा हवा. मोजणी पूर्ण लॅपटॉपची हवी. प्रोसेसरच्या माहितीत दिलेल्या 'टीडीपी'वर विसंबू नका. तो आकडा कूलिंग किती लागेल हे ठरवण्यासाठी असतो. जोरात काम चालू असताना प्रत्यक्ष खर्च त्याच्याही वर जाऊ शकतो.