तळटीप: प्रच्छाया व उपच्छाया

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्ग व जेऊर ही ठिकाणे चंद्राच्या प्रच्छायेत आली. गिरणाकाठचे मौजे भडगाव मात्र त्या पट्ट्याच्या मध्यरेषेपासून सुमारे सव्वाशे मैल वायव्येस, उपच्छायेतच राहिले. सूर्य बिंदुमात्र असता तर एकच तीक्ष्ण सावली पडती. तो विस्तृत बिंब असल्यामुळे जिथून त्याचा कोणताच भाग दिसत नाही ती प्रच्छाया आणि जिथून काही अंश दिसतो ती उपच्छाया, असे दोन प्रदेश होतात.

हिशेब समरूप त्रिकोणांचा आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या (२,१६० मैल) ४०० पट. म्हणून प्रच्छायेच्या शंकूची लांबी म्हणजे सूर्य-चंद्र अंतराचा ३९९ वा भाग. जानेवारीत हे अंतर सुमारे ९ कोटी १३ लक्ष मैल असल्याने लांबी २,२८,८०० मैल येते. भूपृष्ठ चंद्रापासून २,२३,६०० मैलांवर धरल्यास शंकूचे टोक ५,२०० मैल पुढे उरते, आणि सावलीचा व्यास २,१६० × ५,२०० ÷ २,२८,८००, म्हणजे सुमारे ४९ मैल. चंद्र तेवढेच ५,२०० मैल दूर असता तर ही रुंदी शून्य होती! अर्थात हा छेद किरणांना लंब आहे. किरण तिरपे आल्यास जमिनीवर लंबगोल उमटतो.

परस्परांना छेदणाऱ्या स्पर्शरेषांनी उपच्छायेचा व्यास सुमारे ४,३०० मैल निघतो. याच प्रमाणाने भडगावी ऐन मध्यास सूर्यव्यासाचा अदमासे विसावा भाग उघडा राहिला असला पाहिजे; आणि तेवढी कोरही प्रभामंडल झाकून टाकण्यास पुरेशी असते.