काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा संबंध : कागदी चौरसांची कृती

काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर कागदी चौरस काढायचे, लहान दोन चौरसांचे तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांनी कर्णावरचा चौरस पूर्ण झाकायचा, अशी ही वर्गात करण्याची कृती आहे. काटकोन करणाऱ्या बाजूंवरील चौरसांच्या क्षेत्रफळांची बेरीज कर्णावरील चौरसाच्या क्षेत्रफळाएवढी असते, हा पायथागोरसच्या सिद्धांताचा आशय विद्यार्थ्यांनी सूत्राआधी कागदावरून शोधावा, हा तिचा हेतू. आठवीसाठी ती विशेष सोयीची आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सिद्धांताची ओळख सातवीत होते आणि सिद्धता दहावीत येते. मधल्या इयत्तेतल्या मुलाला सूत्र माहीत असते, पण ते का खरे आहे हे त्याने अजून पाहिलेले नसते.

वर्ग आणि चौरस. मराठीत एखाद्या संख्येला तिनेच गुणले की ‘वर्ग’ म्हणतात आणि समान बाजूंच्या काटकोनी आकृतीला ‘चौरस’. शब्द वेगळे असल्याने मुलांच्या मनात ही दोन खातीही वेगळी राहतात. ‘कर्णाचा वर्ग’ म्हणताना त्यांना गुणाकार आठवतो, कागद आठवत नाही. म्हणून या कृतीत सुरुवातीला सूत्राचा उच्चार टाळावा. फळ्यावर ६ सेंमी आणि ८ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून शिक्षकाने एवढेच विचारावे : दोन लहान बाजूंवरचे चौरस मिळून कर्णावरच्या चौरसापेक्षा मोठे, लहान की तेवढेच? नुसत्या डोळ्यांनी उत्तर देता येत नाही आणि कृती इथूनच सुरू होते.

साहित्य. प्रत्येक गटाला एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असा घोटीव कागद दोन रंगांत, एक जाड पांढरा कागद, कंपासपेटी, कात्री आणि डिंक लागतो. कागद एकाच बाजूने रंगीत असण्याला कारण आहे. तुकडा पालथा पडला की पांढरा दिसतो आणि चूक लगेच कळते. दोन्ही बाजूंनी सारख्या कागदावर ती कळत नाही. कर्णावरचा चौरस तिरपा येतो, म्हणून त्याचे कोन अंदाजाने न काढता गुण्याने काढावेत. तो चौरस जरा जरी वाकडा झाला, तरी पुढे काहीच नीट बसत नाही. सलग दोन तासिका पुरतात.

पहिला टप्पा : मुलांची स्वतःची रीत. ६ आणि ८ सेंमीच्या त्रिकोणाचा कर्ण मोजल्यावर १० सेंमी येतो. ६ चा, ८ चा आणि १० चा असे तीन चौरस तयार झाले की मुलांना काही वेळ मोकळे सोडावे. बहुतेक गट ६ चा चौरस मोठ्या चौरसाच्या एका कोपऱ्यात ठेवतात. मग दोन बाजूंना ४ सेंमी रुंदीची, काटकोनात वळलेली पट्टी उरते. ती ८ च्या चौरसाने झाकता येते. त्या चौरसातून ४ बाय ६ चे दोन तुकडे कापले की ८ बाय २ ची पट्टी राहते. तिचे ४ बाय २ चे दोन भाग करून एकमेकांशेजारी लावले, की उरलेला ४ बाय ४ चा कोपरा भरतो. सगळे काप सरळ आणि सगळी मापे पूर्णांकांत असल्यामुळे हा मार्ग मुलांना स्वतःहून सापडू शकतो. कागदावर ३६ + ६४ = १०० दिसते आणि वर्ग म्हणजे चौरसच, हे प्रथमच हाताला कळते.

इथेच थांबणे मात्र चुकीचे ठरते. ही रीत जमली ती १० मधून ६ वजा करून येणारा ४ हा नेमका ८ चा निम्मा आहे म्हणून. दुसऱ्या गटाला ६ आणि ९ सेंमीचा त्रिकोण द्यावा. त्याचा कर्ण साधारण १०.८ सेंमी येतो आणि कोपऱ्यात ६ चा चौरस ठेवल्यावर पट्टीची रुंदी ४.८ सेंमी राहते. आधीचे काप आता लागू पडत नाहीत. एका त्रिकोणात जमलेली युक्ती दुसऱ्यात अडते, तेव्हा ‘प्रत्येक काटकोन त्रिकोणाला चालेल असा काप आहे का?’ हा प्रश्न मुलांचा स्वतःचा होतो. शिक्षकाने पुढचा काप याच क्षणी दाखवावा, त्याआधी नाही.

दुसरा टप्पा : सर्वांना चालणारा काप. हा काप लंडनमधील शेअरदलाल हेन्री पेरिगल (१८०१–१८९८) यांना १८३० च्या सुमारास सापडला आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान चौरस अखंड राहतो. मोठ्या बाजूवरच्या चौरसाचे मात्र चार एकरूप तुकडे होतात. खुणेचे माप काढण्यासाठी मोठ्या बाजूतून लहान बाजू वजा करून निम्मे करायचे. ८ आणि ६ साठी ते १ सेंमी येते, ९ आणि ६ साठी दीड सेंमी. ८ च्या चौरसाभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत प्रत्येक कोपऱ्यापासून १ सेंमीवर एक खूण करायची. समोरासमोरच्या खुणा जोडल्या की दोन रेषा चौरसाच्या मध्यबिंदूत काटकोनात छेदतात. त्यांवरून कापायचे.

कात्री लावण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही रेषांमधला कोन गुण्याने पाहावा आणि प्रत्येक रेषेची लांबी मोजावी. ती कर्णाएवढी, म्हणजे १० सेंमी, भरली पाहिजे. काही मुले दोन खुणा एका दिशेने आणि दोन उलट दिशेने करतात. त्यांच्या रेषा या तपासणीत नापास होतात आणि कागद वाया जात नाही.

प्रत्येक तुकड्याच्या चार बाजू ५, ५, १ आणि ७ सेंमी असतात. त्यात दोन काटकोन असतात. एक दोन ५ सेंमी बाजूंमधला, म्हणजे मूळ चौरसाच्या मध्यातला. दुसरा १ आणि ७ सेंमी बाजूंमधला, म्हणजे मूळ चौरसाच्या कोपऱ्यातला. कर्णावरच्या चौरसाच्या कोपऱ्यांत पहिला काटकोन बसवायचा असतो. मुले मात्र सवयीने दुसरा बसवतात, कारण तो आधीपासून ‘कोपरा’ होता. तसे केल्यास एका बाजूवर ७ आणि १ मिळून ८ सेंमीच भरतात, १० सेंमीच्या बाजूत २ सेंमीची फट उरते. त्या मुलांना तुकडा फिरवून पाहायला सांगावे, जागा मात्र दाखवू नये. बरोबर मांडणीत मूळ चौरस जणू आतून बाहेर उलगडतो : मध्य चार कोपऱ्यांत जातो, चार कोपरे आत येतात. मधोमध चौकोनी भोक राहते आणि ६ चा चौरस त्यात बसतो.

बाजू समान असलेल्या काटकोन त्रिकोणात, उदाहरणार्थ ७ आणि ७ सेंमी, खुणेचे माप शून्य येते. मग काप चौरसाच्या कर्णांवरूनच जातात आणि चार त्रिकोण मिळतात. रीत तीच राहते.

‘बसले’ म्हणजे सिद्ध झाले का? कात्रीच्या कामात मिलिमीटरभर फट राहतेच. ती चूक हाताची की सिद्धांताची, हे डोळा सांगू शकत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण मुलांना करूनच दाखवावे. ८ बाय ८ चा चौरस दोन त्रिकोण आणि दोन समलंबांत कापून त्यांतून १३ बाय ५ चा आयत जुळवता येतो. तोही बसल्यासारखा दिसतो, पण ६४ चे ६५ कसे झाले? खरे तर मधोमध एक चौरस एकक क्षेत्रफळाची फार बारीक, लांबट फट असते आणि ती नजरेतून निसटते.

म्हणून पेरिगलच्या मांडणीत शेवटचा शब्द मापाचा नसून कारणाचा असावा. चौरसातील कापरेषेच्या एका टोकापासून समोरच्या बाजूवर लंब टाकला, तर ८ आणि ६ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण तयार होतो. तो मूळ त्रिकोणाशी बाकोबा कसोटीने एकरूप आहे. त्यामुळे कापरेषा कर्णाएवढी असलीच पाहिजे. तिचे दोन समान भाग नव्या चौरसाच्या बाजूवर एकापुढे एक येतात आणि ती बाजू तंतोतंत कर्णाएवढी भरते. आत एका तुकड्याच्या ७ सेंमी बाजूला शेजारच्या तुकड्याची १ सेंमी बाजू लागते, म्हणजे भोकाची बाजू ७ − १ = ६ सेंमी, लहान बाजूएवढी. ९ आणि ६ च्या गटात ७.५ − १.५ = ६ येते. खुणेचे माप फरकाच्या निम्मे का घेतले, हेही इथे उलगडते. आठवीच्या मुलाला हा युक्तिवाद पेलतो, कारण एकरूपतेच्या कसोट्या त्याच वर्षी शिकवल्या जातात.

काटकोन नसेल तर. शेवटी त्याच ६ आणि ८ सेंमी बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन घेऊन त्रिकोण काढायला सांगावा. तिसरी बाजू साधारण ७.२ सेंमी येते. तिच्यावरचा चौरस ५२ चौसेंमीचा असतो, त्यामुळे १०० चौसेंमीचे तुकडे त्यात मावत नाहीत. कोन १२० अंशांचा केला की तिसरी बाजू सुमारे १२.२ सेंमी होते, चौरस १४८ चौसेंमीचा होतो आणि सगळे तुकडे ठेवूनही जागा रिकामी राहते. कागद दोन्ही वेळा तेवढाच आहे, बदलला तो फक्त कोन. बेरीज बरोबर येण्याची अट काटकोन हीच आहे, हे यातून दिसते. ही जोड दिली नाही, तर अनेक मुले सूत्र कोणत्याही त्रिकोणाला लावू लागतात.

पूर्वपीठिका. क्षेत्रफळांच्या रूपातली ही मांडणीच जुनी आहे. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरची दोरी लांबी आणि रुंदी यांवरील दोन्ही क्षेत्रे मिळून एकत्र निर्माण करते, असे म्हटले आहे. दोन चौरसांचा मिळून एक चौरस करण्याची रीतही तिथे आहे, कारण वेदी रचताना तिची गरज पडत असे. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये पहिल्या ग्रंथाचे ४७ वे विधानही बाजूंवरच्या चौरसांविषयीच बोलते. पेरिगल यांची समाधी इंग्लंडमध्ये पूर्वी एसेक्समध्ये असलेल्या वेनिंग्टन येथे आहे आणि तिच्या दगडावर चार तुकडे व एका चौरसाची हीच आकृती कोरलेली आहे.