उदगीरच्या किल्ल्यातला सोबती

परवा नांदेडहून लातूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा कॉम्प्युटरसमोर वैतागून बसलेला. उदगीरच्या किल्ल्यावर तो एक छोटा गेम करतोय. त्यात खेळाडूबरोबर एक सोबती असतो. तो लढतो, खेळाडू जखमी झाला की औषध देतो. "मामा, हा शहाणा औषध घेऊन धावतो आणि वाटेत स्वतःच मरतो!"

भाच्याने त्याला बिहेवियर ट्री दिली होती. वरून खाली प्रश्न विचारत जायचे: खेळाडूची तब्येत ३० च्या खाली आहे? औषध दे. नाही? मग शत्रू जवळ आहे? लढ. तेही नाही? मागे चाल. ही पद्धत गाजली ती बंजीच्या 'हेलो २' (२००४) मुळे. डेमियन इस्ला यांनी २००५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ती समजावून सांगितली. तिचा मोठा गुण म्हणजे पात्र असं का वागलं, ते फांदीवर बोट ठेवून दाखवता येतं. पण क्रम आपण आधीच ठरवलेला असतो. औषध वर ठेवलं तर सोबती बाणांच्या माऱ्यात धावतो. लढाई वर ठेवली तर खेळाडू त्याच्या डोळ्यांदेखत मरतो.

दुसरी वाट म्हणजे प्रत्येक कामाला गुण द्यायचे, युटिलिटी स्कोअरिंग. विल राइट यांच्या 'द सिम्स' (२०००) मधली माणसं फ्रीज की पलंग, हे अशाच गुणांवरून निवडत.

मग आम्ही कागद घेतला. औषधाचे गुण म्हणजे गरज गुणिले सुरक्षितता. तब्येत २५, म्हणून गरज ०.७५. शत्रू समोरच, सुरक्षितता ०.४. गुण ०.३०. लढाईचे गुण म्हणजे धोका ०.६ गुणिले सोबत्याची ताकद ०.९, म्हणजे ०.५४. तो लढला. शत्रू मागे हटला तशी सुरक्षितता ०.८ झाली, धोका ०.२ वर आला. औषध ०.६०, लढाई ०.१८. आता तो धावला. कुठेही क्रम लिहिला नव्हता!

पण थोड्या वेळाने गडी जागच्या जागी थरथरायला लागला. आकडे स्क्रीनवर छापले तेव्हा कळलं: औषध ०.४१, लढाई ०.४२, पुढच्या क्षणी उलट. चालू असलेल्या कामाला ०.१ जादा दिले, थरथर थांबली.

शेवटी दोन्ही ठेवलं. मेलाय का, शिडी चढतोय का, हे पक्के प्रश्न ट्रीमध्ये. 'आता काय करू?' ही एकच फांदी गुणांवर. गुणांच्या पद्धतीत एक आकडा बदलला की दुसरीकडचं वागणं बिघडतं, म्हणून ती जेवढी लागेल तेवढीच.

बहीण जेवायला हाका मारत होती. भाचा म्हणाला, "एकदाच, मामा." सोबती बुरुजाआड थांबला, बाण थांबल्यावर आला, औषध दिलं. मग आम्ही उठलो.