लोकव्युत्पत्ती आणि व्युत्पत्तिकोश

शब्दाच्या आजच्या उच्चाराशी जुळणारे ओळखीचे शब्द शोधून त्यावरून त्याचा उगम सांगणे, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘सोळा पुरे मिळून सोलापूर’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

व्युत्पत्तिकोश आजच्या उच्चारावर विसंबत नाही. तो शब्दाची जुनी रूपे आणि भगिनीभाषांतील रूपे शेजारी ठेवून ध्वनिबदलाचा नियम पाहतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) मराठी शब्दापासून मागे जातो. राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात (१९६२–६६) नोंदी जुन्या रूपांखाली आहेत. त्यामुळे सूचीतून आधी मूळ शब्द गाठावा लागतो.

सांगोला तालुक्याचे प्रमुख फळपीक असलेले डाळिंब या पद्धतीने पाहता येते. ‘डाळ’ या शब्दाशी त्याचा संबंध सहज जोडावासा वाटतो. परंतु कोशात ते संस्कृत ‘दाडिम’खाली सापडते. दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होतो. ‘गुड’चा गूळ आणि ‘षोडश’चा सोळा त्याच नियमाने झाला. एकच बदल अनेक शब्दांत दिसला, तरच व्युत्पत्तीला बळ येते.

हाच नियम सोलापूरला लावला, की पहिली शंका येते. मराठी ‘सोळा’पासून ‘सोळापूर’ अपेक्षित होते. मात्र एवढ्याने निकाल लागत नाही. हिंदी आणि दखनीत या संख्येचा उच्चार ‘ल’नेच होतो. दुसरी शंका सोळा गावांच्या प्रचलित यादीतूनच निघते. त्या यादीत सोलापूर हे एक गाव आहे आणि सोनलगी हे दुसरे. सोळांपैकी एका गावाचे नाव आधीच सोलापूर असेल, तर सोळांच्या बेरजेतून ते नाव आले असे म्हणता येत नाही.

निर्णायक पुरावा कोरीव लेखांचा आहे. कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, सिद्धेश्वरांच्या या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत लेखात ‘सोनलिपूर’ आहे आणि सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’. यातला ‘न’ गळून सोलापूर झाले असावे. सोळा या संख्येचा अर्थ नावाला नंतर चिकटला.

ग्रामनामे सामान्य शब्दांच्या व्युत्पत्तिकोशांत बहुधा नसतात. तिथे कोश फक्त ध्वनिनियम पुरवतो, जुने रूप शिलालेखातून किंवा दप्तरातून मिळवावे लागते. जुने रूप मिळाले तरी त्याचा अर्थ आपोआप कळत नाही. ‘सोन्नलगे’मध्ये सोने शोधणारा वाचक पुन्हा आजच्या उच्चारावरूनच अर्थ लावत असतो.