सातला सहा

आत्या म्हणायची, "रजाकाराच्या धामधुमीत लगीन झालं बघ माझं." घरात सगळे तेच धरून चालायचे. म्हणजे १९४७-४८. मी टेप घेऊन तिच्यापुढं बसलो तेव्हा वहीत पहिलं वाक्य तेच लिहिलं होतं, आणि ते चुकलेलं निघालं.

पहिल्या बैठकीत मी गाढवपणा केला. "कोणत्या साली?" असं विचारलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला साल विचारलं की तो अंदाजानं सांगतो, नाहीतर शेजारी बसलेली सून सांगते. दुसऱ्यांदा मी दुपारी एकटाच गेलो आणि साल सोडून दिलं. बस्ता कुठं बांधला, एवढंच विचारलं. मग बाई सुटली.

"बार्शीला गेलो, छोट्या गाडीनं. दुकानदार हाली घेईना. कलदार आण म्हणला. दादानं हाली मोडून कलदार घेतले, सातला सहा. येताना नाक्यावर करोडगिरी भरली ती येगळीच."

लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. सात हालीला सुमारे सहा कलदार हा भाव तिनं दुकानात ऐकलेला, पुस्तकात वाचलेला नव्हे. बार्शी लाइट रेल्वेची ती नॅरोगेज गाडी लातूरपर्यंत येत होती. म्हणजे बोलणं खरं. पण हालीवरून साल ठरत नाही, कारण पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं हाली चालली. ही चूक बरेच जण करतात. हाली म्हटलं की १९४८ च्या आधीचं, असं लिहून मोकळे होतात.

मला खटकलं ते दुसरंच. १९४७-४८ मध्ये सरहद्दीवरची माणसं बायकापोरं घेऊन बार्शी-सोलापूरकडं पळत होती. त्या साली लग्नाचा बस्ता बांधायला कोण आरामात जाऊन करोडगिरी भरून परत येईल? मग विचारलं, "पोलीस ॲक्शन झालं तेव्हा थोरला केवढा?" "पाळण्यात व्हता की." म्हणजे लग्न त्याच्याही आधी.

पुरावा ट्रंकेत सापडला. लग्नासाठी आजोबांनी बैलजोडी विकली, त्याचा उर्दूतला कागद. आमच्यात कुणाला उर्दू येत नाही. गल्लीतले निवृत्त मास्तर, त्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी वाचून दाखवला. फसली १३५५, महिना खुरदाद. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात, आझुर महिन्यात सुरू व्हायचं. त्यामुळं ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेला ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांना ५९१. खुरदाद येतो एप्रिल-मेच्या सुमाराला. १३५५ अधिक ५९१, म्हणजे १९४६. नुसते ५९० मिळवले असते तर एक वर्ष चुकलं असतं.

मग आत्या खोटं बोलली का? नाही. कासीम रझवी लातूरचाच वकील. लातुरात त्याचं नाव आधीपासून माहीत होतं, आणि पुढं जे झालं त्याची सावली मागच्या दोन वर्षांवर पडली. तिच्या लेखी ते सगळं एकच 'रजाकार' झालं. मी वहीत दोन्ही लिहिलं: कागदाप्रमाणं १९४६, आणि आत्या 'रजाकार' म्हणते.

कागद परत देताना चाचा म्हणाले, "आत्याला विचार, पोलीस ॲक्शननंतर आम्ही कुणाच्या घरात होतो."

हे कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. रजाकारांनी काय केलं ते लहानपणापासून ऐकलेलं. सप्टेंबर १९४८ नंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं ते नाही. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त हानी झालेले चार जिल्हे सांगितले, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तो अहवाल कैक वर्षं दडूनच राहिला.

मी आत्याला विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "टेप बंद कर."

केला.

"बळदाच्या खोलीत व्हते. तेरा माणसं. तुझ्या मामांजींनी दाराला बाहेरून कुलूप लावलं आन् वसरीवर झोपले. भाकरी म्या रातच्याला नेयची. लेकरू रडलं की जीव जायचा माझा."

चाचा त्यावेळी सात वर्षांचे. ते म्हणतात नऊ माणसं. ते दोघं एकमेकांसमोर बसले असते तर एकच आकडा ठरला असता, म्हणून मी त्यांना वेगवेगळं विचारलं आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. तेरा आणि नऊ, दोन्ही वहीत आहेत. नावं लिहिलेली नाहीत. आत्यानं तेवढं कबूल करून घेतलं होतं. "त्यांच्या लेकीबाळी हाईत अजून गल्लीत," म्हणाली. मग म्हणाली, "आता लाव टेप. बैलाचं सांगते. डाव्या अंगाचा बैल लई गुणाचा व्हता."