मिठाची तक्रार कोणत्या रकान्यात?

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. माझ्याकडे रयतेच्या जुन्या तक्रार-अर्जांचा गठ्ठा होता. मी तो वाचत गेलो आणि प्रत्येक अर्ज थेट पाचपैकी एका रकान्यात टाकत गेलो: कर, जमीन, अधिकारी, न्याय, इतर. तक्ता छान दिसला. मग मार्गदर्शकांनी विचारलं, "यातल्या किती जणांना कर कमी करून हवा होता आणि किती जणांना तो रद्दच व्हायला हवा होता?" उत्तर तक्त्यात नव्हतं. सगळे अर्ज पुन्हा वाचावे लागले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून फ्रान्समधलं एक उदाहरण सांगतो.

१७८९ मध्ये फ्रान्सच्या राजाने एस्टेट्स जनरल ही सभा बोलावली. त्या वेळी गावोगावी आणि शहरोशहरी लोकांनी आपल्या तक्रारी व मागण्या लिहून दिल्या. या वह्यांना 'काये द दोलेआंस' म्हणतात. अशा हजारो वह्या आहेत, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. गिल्बर्ट शापिरो आणि जॉन मार्कॉफ या अभ्यासकांनी त्यांतल्या निवडक वह्या संकेतबद्ध केल्या. त्यावरचं त्यांचं 'रेव्होल्यूशनरी डिमांड्स' हे पुस्तक १९९८ मध्ये आलं.

आता एक तक्रार घेऊ. वाक्य माझं आहे, पण आशय त्या काळातला: 'मीठ फार महाग, ठरलेलं मीठ सक्तीने घ्यावं लागतं, आणि मीठखात्याची माणसं घरात शिरून झडती घेतात.' मिठावरच्या या कराला 'गाबेल' म्हणत. हे कोणत्या रकान्यात जाईल? एक जण 'कर' म्हणेल, दुसरा 'अधिकाऱ्यांचा जाच'. दोघांचंही बरोबर आहे, कारण वाक्य एक असलं तरी तक्रारी तीन आहेत. म्हणून पहिली पायरी तोडणीची: एक विषय आणि त्याबद्दलची एक मागणी किंवा गाऱ्हाणं म्हणजे एक नोंद.

दुसरी पायरी म्हणजे मजकुराच्या जवळ राहणारा बारीक संकेत. शापिरो-मार्कॉफ यांची रचना उतरंडीची होती: शासन, त्याखाली कर, त्याखाली अप्रत्यक्ष कर, त्याखाली गाबेल. शिवाय 'काय करावं' याचा संकेत वेगळा: रद्द करा, सुधारा, तसंच ठेवा वगैरे. छोटी यादी शेवटी येते. बारीक संकेत कोणत्या मोठ्या रकान्यात जाईल, हे एका वेगळ्या तक्त्यात लिहायचं. उद्या रकाने बदलले तर तो तक्ता बदलायचा, वह्या पुन्हा वाचायच्या नाहीत. माझ्याकडे नेमका हा मधला थरच नव्हता.

तो थर का महत्त्वाचा, हे मार्कॉफ यांच्या निष्कर्षातून कळतं. शेतकऱ्यांच्या वह्यांमध्ये राज्याच्या करांबद्दल सुधारणेची मागणी तुलनेने जास्त दिसते, तर सरंजामी हक्कांबद्दल रद्द करण्याची. दोन्ही 'आर्थिक बोजा' या एकाच रकान्यात टाकले असते तर हा फरक कायमचा बुजला असता.

आता सुसंगती. समजा, तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने त्याच १०० नोंदी स्वतंत्रपणे 'कर' आणि 'करेतर' अशा वाटल्या. दोघांनीही ७० नोंदी 'कर'मध्ये टाकल्या आणि ८० नोंदींवर तुमचं एकमत झालं. ८० टक्के! पण डोळे मिटून याच प्रमाणात वाटणी केली असती तरी बरंच एकमत झालंच असतं. ते वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा हे माप मांडलं:

```
योगायोगाचं एकमत = 0.7×0.7 + 0.3×0.3 = 0.58
कप्पा = (0.80 − 0.58) / (1 − 0.58) = 0.52
```

म्हणजे योगायोगापलीकडे जितकं एकमत शक्य होतं, त्याच्या जेमतेम अर्ध्यापर्यंतच तुम्ही पोचलात. अशा वेळी न जुळलेल्या २० नोंदी समोर घेऊन बसा. बहुतेक वेळा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा अडलेला सापडतो. समजा तो झडतीचा असेल, तर नियम लिहा: 'कराची रक्कम किंवा सक्ती असेल तर कर, वसुली करणाऱ्याचं वागणं असेल तर अधिकारी.' नियमाला तारीख घाला आणि आधीच्या नोंदींनाही तो लावा. नाहीतर जूनमधली झडती 'कर' आणि सप्टेंबरमधली 'अधिकारी' होते, आणि तक्त्यात लोकांचं मत बदलल्यासारखं दिसतं.

'इतर'वरही नजर ठेवा. तो रकाना फुगायला लागला की त्यात एखादा विषय नाव नसल्यामुळे अडकून पडलेला असतो. त्या नोंदी एकदा सलग वाचून काढा.

एक मर्यादा मात्र कुठलाही कप्पा दाखवत नाही. काही गावांनी फिरत आलेल्या नमुना-वह्यांतून मजकूर उचलला होता. दहा गावांत तेच वाक्य सापडलं, तर त्या दहा गावांना ते तितकंच सलत होतं की लेखनिकासमोर एकच नमुना होता? म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवा. संकेतांत ही नक्कल दिसत नाही, शब्दांत दिसते.