सरकत्या बिंदूची कुळकथा

बर्लिनमध्ये आई-वडिलांच्या घरी कोनराड झुसे या तरुण अभियंत्याने १९३८ मध्ये एक यांत्रिक गणनयंत्र उभं केलं. त्यात आकडे आणि बिंदूची जागा वेगवेगळी साठवली जात. १९४१ च्या त्याच्या झेड-३ यंत्रात रिले होते आणि एका संख्येला २२ बिट: एक चिन्हाचा, सात घातांकाचे, चौदा आकड्यांचे.

पुढे प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी काढली, त्यामुळे तेच गणित दोन यंत्रांवर वेगळं उत्तर देई. इंटेलने विल्यम कहान यांचा सल्ला घेऊन १९८० मध्ये ८०८७ ही गणिताची वेगळी चिप आणली आणि १९८५ मध्ये IEEE 754 हे प्रमाण ठरलं. ८०८७ साठी आयबीएम पीसीत रिकामा सॉकेट असे. चिप विकत घेतली नाही, तर तेच काम सॉफ्टवेअरला रेटावं लागे.

आठ बिटी आर्दुइनो उनोवरच्या चिपची आजही तीच गत आहे. `float` म्हणजे ३२ बिट: एक चिन्ह, आठ घातांक, तेवीस अपूर्णांक आणि न लिहिता गृहीत धरलेला एक. दोन संख्या मिळवायच्या तर आधी हे भाग सुटे करायचे, मग लहान संख्या घातांक जुळेपर्यंत उजवीकडे सरकवायची. या चिपला एका सूचनेत एकच बाइट एकच घर सरकवता येतो, म्हणून तीन बाइटच्या संख्येला प्रत्येक घरामागे तीन सूचना पडतात. त्यानंतर बेरीज, मांडणी, पूर्णांकन आणि पुन्हा बांधणी. गुणाकारात तर २४ बिट गुणिले २४ बिट, म्हणजे आठ-आठ बिटांचे नऊ गुणाकार.

वेळेइतकाच घोळ अचूकतेचा.

```
float t = 16777216.0f;
t = t + 1.0f;
```

`t` जागचा हलत नाही. हाताशी २४ बिट असल्याने २ च्या २४ व्या घातानंतर शेजारच्या दोन संख्यांत दोनाचं अंतर पडतं. १६७७७२१७ नेमका मधोमध येतो आणि नियमानुसार सम शेपटाकडे, म्हणजे मागे जातो. शून्यापासून दर मिलिसेकंदाला एक वाढणारा असा मोजक सुमारे ४ तास ३९ मिनिटांनी गोठतो, आणि टेबलावरच्या दहा मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. मोजणी `uint32_t` मध्ये ठेवावी, सेकंद दाखवतानाच रूपांतर करावं.

कॉर्टेक्स-एम४ मध्ये ३२ बिटी `float` गणिताचं युनिट असलं, तरी तिथेही पाय घसरतो. `x * 0.1` लिहिलं की सीच्या नियमाने `0.1` हा `double` ठरतो, `float` असलेला `x` सुद्धा `double` होतो आणि सगळा गुणाकार सॉफ्टवेअरकडे जातो. मॅप फाइलमध्ये `__aeabi_dmul` दिसलं, तर आपल्या किंवा एखाद्या लायब्ररीच्या कोडात कुठेतरी `0.1f` मधला `f` राहून गेलाय का, ते आधी शोधावं.